क्षितिजाला शेठ व्हायचं नव्हतं

जो सगळ्यात उशिरा येईल त्याने मावशी व्हायचं, असा त्या टीमचा कायदा होता.

कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून पाळला जायचा. शांती नगरातल्या सोसायट्यांचे कायदे पाटीवर रंगवून लावलेले असत आणि त्या पाटीखालीच लोक स्कूटर लावत. इथे तसं नव्हतं. गुणवंतभाईंच्या सायबर कॅफेत, फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या गाळ्यात, दर शनिवारी संध्याकाळी पाच जण जमत. पाचवा येऊन टेकला की बाकीचे चौघे मान वर न करता म्हणत, "मावशी." आणि पाचवा निमूट मावशी होई.

आठ महिने झाले, पाचवी क्षितिजाच येत होती.

"सीएचं ऑफिस ना," अभिनव कळवळून म्हणे. "आर्टिकलशिप म्हणजे वेठबिगारी. सोडत नसतील वेळेवर."

क्षितिजा मान डोलवी. ती ज्या सीएकडे आर्टिकलशिप करत होती ते शनिवारी चारला ऑफिसला कुलूप घालून झोपायला घरी जात. क्षितिजा साडेचारला कॅफेसमोरच्या रसवंतीवर येऊन बसे. उसाचा एक हाफ ग्लास घेऊन ती जिन्यावर नजर ठेवी. अभिनव चढला, जितेश चढला, रोशन चढला. काशीमीऱ्याच्या टायरच्या दुकानातून उत्तम हात पुसत पुसत चढला, की ती ग्लास ठेवायची, चेहऱ्यावर थोडा थकवा आणायची आणि जिना चढायची.

तिला मावशी व्हायचं असे. पण ते सांगणार कोणाला? आपल्याकडे भांडी घासायला हौसेने उठलेल्या पाहुण्याकडे जसं बघतात, तसं बघितलं असतं.

खेळ असा होता. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. दोन कोपऱ्यांत दोन तळ. मध्ये जंगल, नदी आणि तीन वाटा. वाटांवरून दोन्ही बाजूंचे शिपाई आपोआप चालत येत आणि एकमेकांना मारत; त्यांना पगार मिळत असावा, तक्रार कोणी केली नाही. शिपायावर शेवटचा घाव जो घालील त्याला सोनं मिळे. सोन्याने हत्यारं घ्यायची, बळ वाढवायचं आणि शेवटी समोरच्याचा तळ फोडायचा. प्रत्येकाने आपला एक वीर निवडायचा. वीर डझनावारी होते आणि त्यांची इंग्रजी नावं कोणाला धड उच्चारता येत नसल्यामुळे टीमने त्यांचं बारसं नव्याने केलं होतं.

त्यात एक होता शेठ. दोन तलवारी, उघडी छाती. सुरुवातीला हा इतका दुबळा, की दोन शिपाई अंगावर आले तरी पळे. पण त्याला सोनं चारलं, अर्धा तास सांभाळला, की मग तो एकटा पाच जणांना भारी पडे. त्यामुळे टीमचं सगळं राजकारण शेठला श्रीमंत करण्याभोवती चाले, आणि शेठ श्रीमंत झाला की जिंकलो असं सगळ्यांनाच वाटे. हा खेळ परदेशात कोणी बनवला असला तरी त्याचा आपल्याकडचा अभ्यास दांडगा असणार.

शेठ रोशन व्हायचा. तो त्याचा हक्कच होता.

आणि मावशी म्हणजे सपोर्ट. हातात कंदील घेतलेली, पाठीत वाकलेली एक म्हातारी. तिला कोणी मारायला गेलं तर चार फटक्यांत मरे आणि ती कोणाला मारायला गेली तर समोरच्याला कळायलाही वेळ लागे. पण तिच्याकडे चार विद्या होत्या. आपल्या माणसाची जखम भरणं, ही एक. आपल्या माणसावर काही क्षण कवच चढवणं, म्हणजे तेवढा मार कवच खातं, ही दुसरी. शत्रूंच्या पायात मुळ्या गुंडाळून त्यांना जागच्या जागी खिळवणं, ही तिसरी. आणि चौथी मोठी विद्या: कंदील उंच धरला की त्या उजेडात आलेल्या सगळ्या आपल्यांना बळ येई आणि शत्रूंची पावलं जड होत. प्रत्येक विद्येला मंत्रशक्ती लागे, ती थोडीच असे. आणि एकदा वापरली की ती विद्या परत तयार व्हायला वेळ लागे. म्हणजे मावशीची अर्धी हुशारी विद्या वापरण्यात आणि अर्धी न वापरण्यात.

शिवाय वरकाम. शिपायांवरचा शेवटचा घाव मावशीने घालायचा नाही, तो शेठसाठी सोडायचा. त्यामुळे हातात पैसा नाही. जो किरकोळ मिळेल त्यातून सगळ्यांचं सामान तळावरून वाहून आणणारं गाढव घ्यायचं. उरल्यात जंगलात लपवायचे डोळे घ्यायचे. डोळा म्हणजे जमिनीत रोवायची एक खुंटी. शत्रूला ती दिसत नाही, पण तिच्या आसपास शत्रू फिरकला की आपल्या नकाशावर दिसतो. काही मिनिटांनी डोळा मिटतो, की पुन्हा जाऊन नवा रोवायचा. या सगळ्यानंतर मावशीच्या पायात बरे बूट आले तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

खेळ संपला की पडद्यावर हिशेब येई. रोशनने किती मारले ते दिसे. मावशी किती वेळा मेली तेही दिसे. कोण कोण मरता मरता वाचलं, त्याचा रकाना खेळ बनवणाऱ्यांना सुचला नव्हता.

क्षितिजाला मात्र त्या न काढलेल्या रकान्यातच मजा यायची. रोशन घाईघाईने पुढे घुसे, तिघे त्याच्यावर तुटून पडत, त्याचा जीव सुईच्या टोकाएवढा राही, आणि नेमक्या त्या क्षणी ती कवच टाकी. रोशन बाहेर पडून म्हणे, "बघितलं का, कसा निघालो?" क्षितिजा म्हणे, "मस्त." तिला खरंच मस्त वाटलेलं असे.

जूनपासून तिचा परीक्षेचा अभ्यास लागणार होता. घरी शब्द दिला होता: मे महिन्यात अंधेरीला सगळ्या कॅफेंची स्पर्धा आहे, तेवढी खेळते, मग कॉम्प्युटर बंद. अंधेरीला मीरा-भाईंदरमधून एकच टीम जाणार होती. दोन टीम उरल्या होत्या. एक यांची आणि एक भाईंदर पश्चिमेच्या मोरव्याची. रविवारी दुपारी गुणवंतभाईंकडेच सामना ठरला, तीनपैकी दोन जिंकेल तो जाणार. क्षितिजाच्या मनात एवढीच एक गोष्ट होती: अंधेरीला जायचं, आणि मावशी होऊन जायचं.

आदल्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे शेवटी वर आली, तर चौघे खुर्च्या वळवून तिच्याकडेच बघत बसलेले.

अभिनव कॅप्टन होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि एमबीएच्या क्लासला जात होता, त्यामुळे साधं बोलणं त्याला जमेनासं झालं होतं.

"क्षितिजा, बस. आम्ही एक डिसिजन घेतलाय," तो म्हणाला. "आठ महिने तू सपोर्ट करतेयस. एकदाही कुरकुर नाही. असं टॅलेंट आपण वाया घालवतोय. उद्या तू शेठ."

"काय?"

"माझा शेठ तुला," रोशन म्हणाला आणि त्याने छातीवर हात ठेवला. मुलगी सासरी पाठवताना बाप असा उभा राहतो. "मी होतो मावशी. एक दिवस मी पण सोसतो."

"नको," क्षितिजा म्हणाली.

चौघांनी एकमेकांकडे कौतुकाने बघितलं.

"बघ," जितेश म्हणाला, "मी बोललोच होतो, ती नको बोलणार."

"अरे, खरंच नको. मला मावशीच आवडते."

"असं कसं," उत्तम म्हणाला. तो रत्नागिरीकडचा, आग्रहात मुरलेला. "मावशी काय आवडायची वस्तू आहे का? संकोच करू नको गं. आपलीच टीम आहे."

"संकोच नाही रे. मला नकोय."

"अजून एकदा नको बोलली की मी रागावेन," रोशन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

इथे क्षितिजाची अडचण लक्षात घ्यायला हवी. आपल्यात पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे चांगलं वळण. तिसरं नको म्हणजे वाढा. जेवणाच्या पंगतीत ज्याला खरोखर नको असतं तो पानावर आडवा हात धरतो, आणि त्याच्याही बोटांवर वाढतात. एवढ्या सुसंस्कृत समाजात नको या अर्थाचा शब्दच शिल्लक राहिलेला नाही. क्षितिजा तीन वेळा नको म्हणाली आणि चौथ्यांदा म्हणायच्या आत अभिनवने टाळ्या वाजवल्या.

"डन," तो म्हणाला.

रविवारी दुपारी मोरव्याची टीम आली. पाचही जण एकमेकांचे चुलत-मावस भाऊ होते आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने केस मागे फिरवलेले होते. त्यांचा कॅप्टन महिपत, दणकट, घरचा मिठाचा धंदा, आवाज खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. दोन टीमच्या मध्ये फक्त एक प्लायवुडचं पार्टिशन होतं.

गुणवंतभाईंनी पंखा मोठा केला. "झगडो नथी करवानो," ते म्हणाले. "लाईट गेली तर मॅच पहिल्यापासून. कीबोर्ड पे मुठ्ठी नहीं मारने का."

पहिला गेम सुरू झाला आणि क्षितिजाने दोन तलवारींचा शेठ घेतला.

शेठने करायचं ते तिला पाठ होतं. आठ महिने तिने मागे उभं राहून तेच बघितलं होतं. पण हात ऐकेनात. शिपाई मरायला टेकला की तिचं बोट आपोआप थांबे. तो घाव दुसऱ्याचा, ही सवय. आणि शेजारी रोशनची मावशी उभी होती, जिला असली कुठलीच सवय नव्हती. रोशन कंदील घेऊन पुढे धावे आणि शेवटचा घाव घालून टाके.

"सॉरी," तो दर वेळी म्हणे. "हातून झालं."

सोनं मावशीकडे जमलं. मावशीने त्याची मोठी गदा घेतली. वाकलेली म्हातारी गदा घेऊन हिंडताना बघून पार्टिशनपलीकडे खसखस पिकली. डोळे कोणी रोवलेच नाहीत. नकाशा अमावास्येसारखा काळा. त्या काळोखातून मोरव्याचे तिघे कधी जितेशच्या मागून निघत, कधी उत्तमच्या. उत्तम ओरडे, "कवच, कवच," आणि रोशन म्हणे, "आत्ताच मारलं रे, माझ्यावर." जखम भरायची विद्याही त्याने स्वतःवरच वापरून ठेवलेली असे. न वापरता ठेवायची असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला आजवर ती फक्त मिळत आलेली.

शेवटी क्षितिजालाच राहवलं नाही. शेठच्या तलवारीसाठी साठवलेल्या सोन्यातून तिने दोन डोळे घेतले आणि एकटी नदीकाठी रोवायला गेली. तिथे पाच जण बसलेले होते.

तळ फुटला तेव्हा अभिनवने खुर्ची क्षितिजाकडे वळवली. "लर्निंग फेज आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या गेमला तू सेट होशील."

"मी शेठ होणार नाही," क्षितिजा म्हणाली.

"अगं, हरलो म्हणून तू मनाला लावून घेऊ नको."

"तुला कोणी काय बोललं का?" उत्तमने विचारलं. "रोशन, तू काय बोलला का तिला?"

"मी का बोलू? मी तर सॉरी सॉरीच करत होतो."

"अजून एक चान्स घे," जितेश म्हणाला. "लाजू नको."

क्षितिजाने आणखी एक नको गिळलं. त्या शब्दाचं काय होतं ते तिला कळून चुकलं होतं. ती आपल्या खुर्चीवर सरळ बसली, खुर्ची पुढे ओढली आणि वीर निवडायचा पडदा उघडल्याबरोबर कंदीलवाल्या म्हातारीवर क्लिक केलं. एक वीर एकदाच निवडता येतो. निवडला की निवडला.

"हे काय केलं?" रोशन म्हणाला.

"माझी मावशी मी घेतली. तुझा शेठ तिथे पडलाय. घे नाहीतर मोरव्याचे घेतील."

रोशनने इतक्या झपकन क्लिक केलं, की त्यागाची भावना किती खोल होती याचा सगळ्यांना अंदाज आला.

"क्षितिजा, हे टीम डिसिजनच्या विरोधात आहे," अभिनव म्हणाला.

"हो," क्षितिजा म्हणाली आणि तिने गाढव विकत घेतलं.

मग तिला बोलायला वेळ नव्हता. नदीच्या उतारापाशी एक डोळा, त्यांच्या जंगलाच्या तोंडाशी दुसरा. नकाशात दोन ठिकाणी उजेड पडला. वाटेवर ती शेठच्या मागे चार पावलं उभी राहिली. शिपायांना हात लावला नाही. समोरचा वीर घाव घालायला पुढे आला की ती लांबून कंदिलाचा एक चटका देई, म्हणजे तो मागे सरे आणि ते सोनं त्याला मिळत नसे. रोशन घाव घालत राहिला.

"उत्तम, मागे ये. दोघे येतायत नदीतून."

"कुठे? मला दिसत नाही."

"नकाशावर बघ."

उत्तमने बघितलं. दोन लाल ठिपके. तो मागे आला. ते दोघे तिथे पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. ही गोष्ट हिशेबात कुठेही लागली नाही.

मधल्या वाटेवर मोठी चकमक झाली. महिपतच्या वीराकडे एक भयंकर विद्या होती: जागेवर उभं राहून तो आकाशातून दगडांचा पाऊस पाडी. पण पाऊस पडत असेपर्यंत त्याला हलता येत नसे, आणि मध्येच कोणी त्याला दणका दिला तर विद्या तिथेच मोडे. मावशीच्या मुळ्या म्हणजे साधा पायबंद नव्हता. पहिल्या क्षणाला त्या सणसणीत दणका देत. अडचण एवढीच, की जितेशवर दोघे तुटून पडले होते आणि तो मुळ्यांसाठी ओरडत होता.

"टाक ना. मरतोय मी."

"थांब."

"अगं मेलो."

तिने जितेशवर कवच टाकलं आणि मुळ्या राखून ठेवल्या. महिपतने हात वर केले. पहिला दगड पडला आणि तिने मुळ्या सोडल्या. पाऊस थांबला. महिपतचा वीर हात वर करून तसाच खिळून उभा, आणि रोशन दोन तलवारी घेऊन पोचला.

पार्टिशनपलीकडे कोणीतरी टेबलावर मूठ मारली. "कीबोर्ड पे नहीं," गुणवंतभाई काउंटरवरून म्हणाले.

दुसरा गेम त्यांनी जिंकला. पडद्यावर हिशेब आला. रोशनने सतरा मारले होते. मावशीच्या पुढे शून्य.

"काय खेळलास रे," अभिनवने रोशनची पाठ थोपटली. मग क्षितिजाकडे वळून म्हणाला, "आणि तू पण, गुड कोऑपरेशन."

पार्टिशनपलीकडे महिपतने मात्र वेगळाच हिशेब केला होता. तो आपल्या भावांना सांगत होता, आणि हळू बोलणं त्याला ठाऊक नसल्यामुळे सगळ्या कॅफेला सांगत होता.

"त्या दोन तलवारवाल्याच्या मागं कशाला धावता रं? त्यो काय करत न्हाय. ती कंदीलवाली हाय ना, ती पयली मारा. दिसली की मारा. बाकीचं मंग बघू."

क्षितिजाने ते ऐकलं. आठ महिन्यांत तिच्या खेळाबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं नीट वाक्य होतं.

तिसऱ्या गेममध्ये महिपतने शब्द पाळला. मावशी वाटेवर दिसली की पाचातले चार हातातलं काम टाकून तिच्यावर येत. एकदा मेली. गाढव घेऊन येताना मेली. डोळा रोवायला गेली, तिथे मेली. वर तिने रोवलेले डोळे शोधून काढणारं भिंग महिपतने विकत घेतलं आणि ते एक एक करून फोडले. मेलं की पडदा करडा होतो आणि परत जिवंत व्हायची वाट बघत बसावं लागतं. क्षितिजा करड्या पडद्यासमोर बसली होती आणि समोर उत्तम, जितेश तिच्याशिवाय मार खात होते. जखम भरायला कोणी नाही. रोशन तळाशी चिकटून राहिला होता.

"आता पण मावशीच आवडते का?" जितेशने विचारलं.

"हो."

"क्षितिजा, बी प्रॅक्टिकल," अभिनव म्हणाला. त्याचा आवाज कॅप्टनचा राहिला नव्हता. "दहा मिनिटांत तळ जाईल. तू तळाच्या आतच बस. बाहेर पडूच नको. निदान मरणार तरी नाहीस."

क्षितिजा करड्या पडद्याकडे बघत विचार करत होती. मावशी आत बसली तर मावशी वाचेल, टीम मरेल. मावशी बाहेर आली तर चौघे तिच्यावर येणार, हे नक्की. दर वेळी येणार. एवढी नक्की गोष्ट या अख्ख्या खेळात दुसरी नव्हती. तिच्यावर येताना ते काय काय वापरतात? महिपत आधी पायात बेडी टाकतो. त्याचा भाऊ भोवळ आणतो. तिसरा आग टाकतो. मग दगड. एका म्हाताऱ्या बाईला मारायला चौघांच्या चार विद्या. आणि मग त्या परत तयार व्हायला वेळ.

ती खुर्ची सरकवून मध्ये आली आणि कुजबुजली. पलीकडे ऐकू जाऊन चालणार नव्हतं.

"मी नदीच्या उतारावर उभी राहते. उघड्यावर. तुम्ही चौघे झाडीत. मला मारायला येतील तेव्हा कोणी हलायचं नाही."

"म्हणजे? तुला मारू द्यायचं?" उत्तम म्हणाला.

"मारू द्यायचं. सगळ्या विद्या माझ्यावर खर्च होऊ देत. मी सांगेन तेव्हा निघायचं. रोशन, तू सगळ्यात शेवटी."

"मी शेवटी?" रोशन म्हणाला. "मी शेठ आहे."

"म्हणूनच."

अभिनव काहीतरी बोलणार होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग म्हणाला, "झाडीत चला." कॅप्टन झाल्यापासून त्याने दिलेला हा सगळ्यात छोटा हुकूम होता.

उरलेल्या सोन्यातून क्षितिजाने एकच डोळा घेतला, उताराच्या अलीकडे रोवला, आणि कंदील घेऊन नदीच्या मधोमध उभी राहिली. अगदी वेडी वाटेल अशी.

नकाशावर ठिपके आले. एक. दोन. तीन. चार. पाचवाही आला, गर्दी बघून.

"आले," उत्तम पुटपुटला.

"थांबा."

महिपतची बेडी पडली. त्याच क्षणी तिने स्वतःवर कवच चढवलं. आठ महिन्यांत ते तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरलं. पाय बांधलेले, पण हात मोकळे होते. फटके कवचावर बसत राहिले. महिपतला वाटलं होतं एवढ्यात मरेल, ती मरेना. भावाने भोवळ टाकली. तीही खर्च झाली.

"आता?" रोशन म्हणाला.

"थांब."

"अगं, संपतेयस तू."

"थांब रे."

कवच फुटलं. जीव झरझर उतरायला लागला. तिसऱ्याने आग टाकली. महिपतने चिडून हात वर केले आणि एका म्हातारीवर दगडांचा अख्खा पाऊस सोडला. भोवळ उतरली होती. पुढचा दगड पडायच्या आधी तिच्या हाताशी एक क्षण होता. त्या एका क्षणात तिने मुळ्या सोडल्या. एकाच घोळक्यात उभे असलेले पाचही जण नदीत खिळले.

"आता," क्षितिजा म्हणाली, आणि मावशी आगीत मेली.

पडदा करडा झाला. तिने हात कीबोर्डवरून काढले नाहीत.

"महिपतची बेडी गेली. भोवळ गेली. दगड पण गेले. त्यांच्याकडे काही नाही आता. रोशन, महिपत. आधी महिपत. उत्तम, तू भोवळवाला धर, पळेल तो."

झाडीतून चौघे निघाले. आजवर रोशन लढाईत सगळ्यात आधी घुसायचा आणि अर्धा मेलेला असताना बाकीचे पोचायचे. आज पहिल्यांदाच तो लढाईला भरल्या जिवाने, भरल्या हाताने, उशिरा पोचला. समोर पाच जण, मुळ्यांतून पाय सोडवत, रिकामे. बेडी नाही, भोवळ नाही, आग नाही. नुसते उभे.

क्षितिजाने मेल्या मेल्या तळावरचं गाढव हाकललं आणि रोशनसाठी औषधाची कुपी नदीकडे धाडली. मेलेल्याला लढता येत नाही. गाढव हाकता येतं.

पाचही पडले. मोरव्याचा तळ राखायला कोणी उरलं नाही. अभिनव, जितेश, उत्तम आणि रोशन सरळ चालत गेले आणि तळावर तुटून पडले. गाढव मागोमाग पोचलं. सगळा कॅफे रोशनच्या खुर्चीमागे गोळा झाला. रेल्वेचं तिकीट काढायला आलेले एक गृहस्थही फॉर्म हातात घेऊन उभे राहिले. क्षितिजाचा पडदा अजून करडाच होता. तळ फुटल्याचा आवाज तिने शेजारच्या स्पीकरमधून ऐकला.

गुणवंतभाईंनी सगळ्यांना थम्सअप दिलं आणि ते फुकट असल्याचं दोनदा सांगितलं.

महिपत पार्टिशनला वळसा घालून आला. रोशनने हात पुढे केला. महिपतने तो हात वाटेतल्या खुर्चीसारखा बाजूला केला आणि पुढे गेला.

"कंदीलवाली तूच ना गो?"

"हो."

"आमच्याकडं पाच जन हाव, पाचांना पन तलवार पायजे. मावशी व्हायला कोन तयार व्हत न्हाय. पुढच्या टायमाला मोरव्याला ये खेलाला. तुला पायजे ती मावशी देतो. तुज्यासाठी दोघं बाजूला उभं करतो, मरू द्यायचा न्हाय तुला. जेवन आमच्या घरी."

क्षितिजाने काही उत्तर द्यायच्या आत अभिनव खुर्चीवरून उठला. त्याने शर्ट खाली ओढला. एमबीएच्या क्लासला मुलाखतीत उभं राहायला शिकवतात तसा तो उभा राहिला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "अंधेरीला सपोर्ट क्षितिजाच करेल. ते आमचं फिक्स आहे. बऱ्याच दिवसांपासून माझ्या डोक्यात होतं, तिला त्या रोलमध्येच कन्फर्म करायचं. शिवाय डोळ्यांचे पैसे पाचही जणांनी काढायचे आणि तिला कोणी एकटं सोडायचं नाही. असा मी डिसिजन घेतलाय."

जितेश क्षितिजाकडे बघायला लागला. उत्तमही. रोशनने थम्सअप खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार.

"चांगला डिसिजन आहे," क्षितिजा म्हणाली, आणि तिने त्याला तो घेऊ दिला.